लिफ्टमध्ये "आधी तुम्ही" म्हणणारी, एरवी सभ्य माणसं घोडबंदर रोडवर शिव्या का देतात?

निवांत_कासारवडवली | सोमवार, रात्री ९.४०

गेल्या शुक्रवारची गोष्ट. संध्याकाळी पावणेसातला ठाण्यात घोडबंदर रोडवर कापूरबावडीला लागलो. मानपाडा ओलांडेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. पाऊस नव्हता, अपघात नव्हता. नेहमीचीच अवजड गाड्यांची रांग, मेट्रोच्या खांबांमुळे अरुंद झालेला रस्ता आणि इंच इंच सरकणं. मागच्या सीटवर माझी दहा वर्षांची मुलगी होती. पातलीपाड्याच्या अलीकडे सर्व्हिस रोडवरून एक पांढरी गाडी डावीकडून नाक घालू लागली.

मी मुद्दाम गाडी पुढे सरकवली. पुढच्याच्या बंपरमध्ये आणि माझ्यात वीतभर जागा उरली असेल. तरीही त्याने घुसवलीच. मी हॉर्नवरचा हात काढला नाही, काच खाली केली आणि बोललो. काय बोललो ते इथे लिहिणार नाही. घरात, ऑफिसात, सोसायटीच्या सभेत, कुठेही मी असं बोललेलो नाही. तोही बोलला.

वीस मिनिटांनी आमच्या संकुलात शिरलो तर पुढे तीच पांढरी गाडी. आमच्याकडे बरेच टॉवर आहेत, सगळे एकमेकांना ओळखत नाहीत. गाडी लावून लिफ्टपाशी आलो तर तो उभा. एका हातात ऑफिसची बॅग, दुसऱ्या हातात दुधाच्या पिशव्या. लिफ्ट आली. दोघांनीही दाराला हात लावला. मी म्हटलं, "या ना." तो म्हणाला, "नाही नाही, आधी तुम्ही, मुलगी आहे बरोबर." आत गेल्यावर नजरानजर झाली आणि दोघांनाही कळलं. तो सातव्याला उतरला. दार लागल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, ते तेच काका होते ना?"

राग कसा आवरावा याचे उपाय मला नकोत. मला एवढंच समजून घ्यायचं आहे की या वीस मिनिटांत बदललं काय? माणसं तीच, थकवा तोच, उशीरही तेवढाच.

---

घोडबंदरग्रस्त | सोमवार, रात्री १०.०५

सहाच्या आत निघत चला. नाहीच जमलं तर ढोकाळी, कोलशेतकडून ब्रह्मांडला निघा. रस्ता अरुंद आहे, पण गाडी चालत राहते. शुक्रवारी तर मुख्य रस्त्याला लागूच नका.

---

निवांत_कासारवडवली | सोमवार, रात्री १०.१२

धन्यवाद, तो रस्ता मला माहीत आहे. पण प्रश्न रस्ता कुठला घ्यावा हा नाही.

---

तिखट_मीठ | सोमवार, रात्री १०.३०

माझ्या मते दोन कारणं. एक, उकाडा. मे-जूनमध्ये बघा, तीन हात नाक्याला हॉर्न किती वाढतात. दुसरं, गाडीची गुर्मी. दहा लाखांच्या वरची गाडी घेतली की रस्ता आपल्या तीर्थरूपांचा वाटतो. पांढरी गाडी कोणती होती ते सांगा, म्हणजे कळेल. साधी हॅचबॅक असती तर त्याने घुसवली नसती.

---

निवांत_कासारवडवली | सोमवार, रात्री १०.४१

साधी हॅचबॅकच होती. माझी त्याच्यापेक्षा मोठी आहे. आणि एसी चालू होता.

---

भालचंद्र_पाचपाखाडी | मंगळवार, सकाळी ७.१५

मी मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालो. निवांतराव, तुमचा प्रसंग मी दोनदा वाचला, कारण असं उदाहरण सहज मिळत नाही. तीच दोन माणसं आणि "आधी कोण" हा तोच प्रश्न, आधी रस्त्यावर, मग लिफ्टच्या दारात. म्हणजे स्वभाव, थकवा, संस्कार हे सगळं बाजूला ठेवता येतं. उरते फक्त जागा. मग लिफ्टच्या दारात असं काय होतं जे पातलीपाड्याला नव्हतं?

आधी तिखट_मीठ यांचं. उकाड्याबद्दल ते अर्धे बरोबर आहेत. अमेरिकेत फिनिक्स या वाळवंटातल्या शहरात १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. सिग्नल हिरवा झाल्यावरही एक गाडी मुद्दाम जागची हलवायची नाही आणि मागचे किती हॉर्न वाजवतात ते मोजायचं. जितकी उष्णता जास्त तितके हॉर्न जास्त, आणि ज्यांच्या काचा उघड्या होत्या, म्हणजे ज्यांच्याकडे बहुधा एसी नव्हता, त्यांच्यात हे अधिक ठळक दिसलं. पण उकाडा फक्त पेटलेल्या आगीत तेल ओततो. आग आधी पेटलेली असते. निवांतरावांकडे एसी चालू होता, तरी पेटलीच.

आता माझं म्हणणं. रस्त्यावर माणसाला फक्त समोरच्याची पाठ दिसते. एरवी आपलं सगळं बोलणं समोरासमोर होतं. प्लॅटफॉर्मवर कुणाचा धक्का लागला तर अर्ध्या सेकंदात भुवया वर जातात, हात छातीशी जातो, "सॉरी" निघतं आणि प्रकरण मिटतं. हे आपण दिवसातून वीसदा करतो आणि आपल्याला ते कळतही नाही. गाडीत हे एकही साधन चालत नाही. सगळे एकाच दिशेला तोंड करून एकामागे एक बसलेले. चूक करणारा पुढे, दुखावलेला मागे. पुढच्याला वाईट वाटलं तरी सांगायची सोय नाही, मागच्याला ते कळायची सोय नाही. उरतो हॉर्न, आणि हॉर्नला एकच शब्द येतो. "दादा, जरा बघा" आणि "अरे ए" या दोन्हींचा आवाज तोच.

लॉस एंजेलिसचे समाजशास्त्रज्ञ जॅक कॅट्झ यांनी नव्वदच्या दशकात विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन ड्रायव्हरांना त्यांच्या रागाचे प्रसंग तपशिलात विचारले. त्यांना दिसलं की गाडी चालवणाऱ्याला गाडी आपल्या शरीरासारखी वाटू लागते. आपली भाषाच बघा. "त्याने माझ्या अंगावर घातली" असं आपण म्हणतो, गाडीवर घातली असं म्हणत नाही. आणि रागाच्या भरात माणूस जे करतो, पाठलाग, डिपर, काच खाली करणं, त्यात वेळ वाचवण्याचा हेतू क्वचितच असतो. त्याला समोरच्याने आपल्याकडे बघायला हवं असतं. तुम्हीही काच खाली केलीत. त्याने तुम्ही एक सेकंदही आधी घरी पोचणार नव्हता.

चेहरा दिसत नसला की त्या जागी आपण हेतू भरतो. मी अचानक लेन बदलली तर मला माहीत असतं की पुढे खड्डा होता. दुसऱ्याने बदलली तर तो खड्डा मला दिसत नाही, फक्त त्याचं बदलणं दिसतं, म्हणून तो मला बेदरकार वाटतो. लिफ्टमध्ये तुम्हाला दुधाच्या पिशव्या दिसल्या. रस्त्यावर दिसला फक्त एक पांढरा दरवाजा.

---

ऐरोलीकर | मंगळवार, सकाळी ११.२०

सरांचं पटलं. मी रस्तेबांधणीतला आहे, त्यात एक हिशेब जोडतो.

अशा रांगेत एक गाडी पुढे घुसली तर आपलं नुकसान किती? पुढची कोंडी मोकळी होते तिथून गाड्या साधारण दर दोन सेकंदांना एक या वेगाने सुटतात. म्हणजे एक गाडी तुमच्या पुढे आली तर तुम्ही दोन सेकंद मागे पडता. फार तर तीन धरा. निवांतरावांनी चाळीस मिनिटं घालवली, म्हणजे चोवीसशे सेकंद. त्या चोवीसशे सेकंदांवर ते कुणाशी भांडले नाहीत, दोनावर भांडले. आणि भांडताना दोन्ही गाड्या थांबल्या असतील तर त्यातच दहा-पंधरा सेकंद गेले असणार.

तेव्हा "उशीर होतो म्हणून लोक चिडतात" हे कारण हिशेबात बसत नाही. उशीर तर आधीच होऊन गेलेला असतो. पण त्या चाळीस मिनिटांना चेहरा नाही. ती सगळ्यांनी मिळून घालवलेली असतात. दोन सेकंदांना मात्र नंबर प्लेट असते.

---

निवांत_कासारवडवली | मंगळवार, दुपारी १.१०

हे वाचून मी जेवता जेवता थांबलो. दोन सेकंद! मला त्या क्षणी शपथेवर वाटत होतं की हा माणूस माझा वेळ खातोय.

एक विचारतो. घुसणारा येण्याआधीच मी धुमसत होतो. उजवी लेन सतत पुढे जाताना दिसत होती. मी दोनदा लेन बदलली आणि दोन्ही वेळा सोडलेली लेन सुटली. हे खरंच होतं की भास?

---

ऐरोलीकर | मंगळवार, दुपारी २.३५

बहुतांशी भास, आणि तो कसा होतो ते सांगता येतं. कॅनडाचे रेडेलमायर आणि अमेरिकेचे टिबशिरानी यांनी १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये यावर एक छोटा लेख लिहिला होता. धरा, दोन लेन आहेत आणि दोन्हींचा सरासरी वेग सारखाच आहे. गाड्या थांबल्या की दाटीने उभ्या राहतात, चालू लागल्या की त्यांच्यात अंतर पडतं. तुमची लेन सुटते तेव्हा शेजारी दाटीने उभ्या असलेल्या दहा गाड्या तुम्ही दहा सेकंदांत मागे टाकता. मग तुम्ही थांबता, शेजारची लेन सुटते, आणि त्याच दहा गाड्या आता अंतर ठेवून एकेक करत तुमच्या डोळ्यांसमोरून जातात. त्याला तीस सेकंद लागतात. हिशेब बरोबरीत सुटला, पण मागे पडण्यात तुमचा तिप्पट वेळ गेला. शिवाय ज्यांना मागे टाकलं ते डोळ्यांआड होतात आणि जे पुढे गेले ते समोर दिसत राहतात.

दुसरं, तुम्ही म्हणालात अपघात नव्हता. त्याची गरजही नसते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला जपानचा एक प्रयोग आहे. २३० मीटर घेराच्या वर्तुळात २२ गाड्या, सगळ्यांनी सारख्या वेगाने चालवायचं. कुठे अडथळा नाही, सिग्नल नाही. थोड्या वेळाने कुणीतरी जरा ब्रेक लावला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि कोंडी तयार झाली. ती लाटेसारखी मागे मागे सरकत राहिली. घोडबंदरला खांब, अवजड गाड्या आणि खड्डे आहेतच, पण त्यावर या लाटाही येतात. बारा मिनिटं थांबल्यावर पुढे जाऊन बघावं तर कारण म्हणून बोट दाखवायला काहीच नसतं. माणसाला कारण लागतं. तेव्हा समोर जो दिसेल तो कारण होतो.

---

कळवेकर_दादा | मंगळवार, रात्री ८.५०

मी बावीस वर्षं ट्रक चालवला, न्हावाशेवा ते गुजरात. आता स्वतःचे दोन टेम्पो आहेत. मुंब्रा बायपास आणि गायमुखच्या घाटात मी जेवढ्या रात्री काढल्यात तेवढ्या घरी काढल्या नसतील.

सरांनी चेहऱ्याचं सांगितलं ते शंभर टक्के. आमच्या धंद्यात त्यावर आधीपासून इलाज आहे, तो म्हणजे क्लीनर. डावीकडे घ्यायचं असलं की पोरगा खिडकीतून अर्धा बाहेर येतो, दरवाज्यावर दोन थापा मारतो, हात खालीवर करतो आणि मागच्याच्या डोळ्यात बघून म्हणतो, "भाऊ, घेऊ दे." मागचा थांबतो. गाडीला तोंड असतं म्हणून थांबतो. जागा मिळाली की पोरगा हात वर करतो. विषय संपला. क्लीनर नसलेल्या ट्रकला हीच जागा मिळायला दहा मिनिटं लागतात, आणि वर शिव्या.

माझ्या टेम्पोवर एक पोरगा आहे. नुसता एकटा गेला तर रोज भांडण घेऊन येतो. बरोबर हमाल असला तर नाही. गाडी तीच, पोरगाही तोच.

पण एक गोष्ट सरांनी बघावी. रिक्षाला काच नाही. चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. मग रिक्षावाले का भांडतात?

---

भालचंद्र_पाचपाखाडी | बुधवार, सकाळी ६.५५

दादा, क्लीनरचं उदाहरण मला चाळीस वर्षं शिकवताना मिळालं नाही. मी ते लिहून ठेवलं आहे.

रिक्षाचं तुम्ही अचूक पकडलंत. चेहरा दिसला की भांडण होतच नाही, असं मी म्हणू शकत नाही. फरक भांडणाच्या आयुष्यात पडतो असं मला वाटतं. रिक्षावाले तोंडावर बोलतात आणि पुढच्या सिग्नलला बऱ्याचदा तेच दोघं तंबाखू देताघेताना दिसतात. बंद गाडीतला माणूस तो राग घरापर्यंत नेतो, कारण त्याला उत्तरच मिळालेलं नसतं. काचेचा परिणाम मोजलाही गेला आहे. १९९५ च्या एका अमेरिकन प्रयोगात उघडमिट होणाऱ्या टपाच्या गाड्या निवडल्या आणि सिग्नलला त्यांना अडवलं. टप बंद असलेल्यांनी हॉर्न लवकर वाजवला, जास्त वेळा वाजवला आणि जास्त वेळ दाबून धरला. फक्त टप उघडा ठेवणारी माणसं मुळातच थोडी वेगळी, निवांत असू शकतात. त्या प्रयोगावर हा आक्षेप घेता येतो आणि तो मला मान्य आहे.

---

मृण्मयी_नौपाडा | बुधवार, सकाळी १०.४०

सगळं वाचलं, बरंचसं पटलं. तरी माझा मूळ शीर्षकालाच आक्षेप आहे. "एरवी सभ्य" म्हणजे कुणाशी सभ्य?

मी रोज स्कूटरने नितीन जंक्शनवरून जाते. माझा चेहरा दिसतो. हेल्मेटची काच मी वर ठेवते. सरांच्या म्हणण्याप्रमाणे मला सूट मिळायला हवी. उलट होतं. चेहरा दिसला, बाई आहे हे कळलं, की हॉर्न वाढतो. "गाडी येत नाही तर घरी बसा" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता मोजत नाही. भावाची मोठी गाडी घेऊन त्याच रस्त्याने, त्याच वेळी गेले की कुणी काही बोलत नाही. माणूस बदलत नाही, मला वाटतं तो फक्त कुणासमोर गप्प बसायचं ते ठरवतो. त्याच रस्त्यावर पोलिसाच्या गाडीने कट मारला तर कुणी काच खाली करत नाही.

निवांतराव, तुमच्यावर आरोप नाही. पण तुम्हीच लिहिलंय, तुमची गाडी मोठी आणि त्याची हॅचबॅक.

---

तिखट_मीठ | बुधवार, सकाळी ११.१५

मी म्हणालो तेच हे! गाडीची गुर्मी.

---

भालचंद्र_पाचपाखाडी | बुधवार, दुपारी १२.३०

मृण्मयीताई, तुमच्या बाजूने एक जुना आणि फार साधा प्रयोग आहे. १९६८ साली प्रसिद्ध झाला, डूब आणि ग्रॉस यांचा, कॅलिफोर्नियातला. सिग्नल हिरवा होतो आणि पुढची गाडी बारा सेकंद हलत नाही. कधी ती नवी, महागडी, चकचकीत गाडी असते, कधी जुनी कळकट. जुनीच्या मागे असलेल्यांपैकी ८४ टक्क्यांनी हॉर्न वाजवला, नवीच्या मागे ५० टक्क्यांनी. दोघांनी तर जुन्या गाडीला मागून बंपरच लावला. आणि विशेष म्हणजे विद्यार्थ्यांना नुसतं कागदावर विचारलं तेव्हा पुरुषांनी उलट सांगितलं होतं, की महागड्या गाडीला ते लवकर हॉर्न देतील. आपण काय करू असं वाटतं आणि खरंच काय करतो, यात एवढं अंतर.

म्हणजे तिखट_मीठ, तुम्ही गाडी चालवणाऱ्याची गुर्मी म्हणालात. या प्रयोगात मोजलं ते समोरच्याचं वजन. दोन्ही एक नव्हे.

मी चेहऱ्यावर सगळा भार टाकला ते अपुरं होतं. चेहरा दिसला तर क्षमा मागण्याची सोय होते, पण समोरचा आपल्याला काही करू शकणार नाही हेही त्यातच दिसतं. कुठला परिणाम कधी वरचढ ठरतो हे मला नीट मांडता येत नाही. लिफ्टमध्ये दोघं एकाच संकुलाचे रहिवासी होते, उद्या पुन्हा भेटणार होते. तो धाकही सभ्यतेतच धरायचा का, हा तुमचा प्रश्न मी सोडवलेला नाही.

---

मृण्मयी_नौपाडा | बुधवार, दुपारी १२.४८

मी धरणार नाही. पण प्रयोगाबद्दल आभार. आज संध्याकाळी घरात वाचून दाखवणार आहे.

---

वाघबीळचा_वासू | बुधवार, दुपारी ३.२०

एवढं तत्त्वज्ञान कशाला? आपल्याकडे हॉर्नला कायदाच नाही, म्हणून लोक वाजवतात. दंड करा, सगळे सरळ होतील. मुंबई पोलिसांनी नाही का सिग्नलला आवाज मोजायचं यंत्र लावलं होतं?

---

ऐरोलीकर | बुधवार, दुपारी ४.०५

कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४ एफ कलम आलं. विनाकारण हॉर्न वाजवला तर पहिल्यांदा एक हजार, पुढच्या वेळी दोन हजार. घोडबंदरच्या गर्दीत नेमका कुणी वाजवला हे सिद्ध कसं करायचं, हा खरा प्रश्न.

ते यंत्र मुंबईत काही सिग्नलना लावलं होतं आणि २०२० च्या सुरुवातीला त्याची चित्रफीत आली. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला त्यातली एक गोष्ट या धाग्याशी जोडावीशी वाटते. सेकंद परत सुरू झाल्यावर लोकांनी मागे वळून एकमेकांकडे बघितलं. पण शिक्षा न वाजवणाऱ्यालाही झाली, आणि आपल्याकडे हॉर्न सिग्नलला कमी, सरकत्या रांगेत जास्त वाजतो. तिथे हे यंत्र उपयोगाचं नाही.

---

कळवेकर_दादा | बुधवार, रात्री ९.३०

दंडाने हॉर्न थांबेल. नाक घालणं थांबणार नाही.

पातलीपाड्याच्या त्या तोंडाशी मी हजारदा उभा राहिलोय, म्हणून सांगतो. सर्व्हिस रोडवाल्याला वाटतं आपण कितीतरी वेळ वाट बघतोय, कुणी आत घेत नाही. मेन रोडवाल्याला वाटतं हा रांग चुकवून पुढे आला. दोघंही आपापल्या जागी खरे. एक यातून, एक त्यातून अशा गाड्या सोडल्या तर कुणाचंच काही जात नाही, पण तसं ठरलेलं नाही. कुणी फळी लावत नाही, खुणा करत नाही. मग प्रत्येक गाडीला नव्याने भांडूनच ठरवायला लागतं.

भांडण यायच्या आधी खुणा दिसतात, त्या नव्या पोरांना मी शिकवतो. एक, तू सीटला टेकलेला नाहीस, स्टेअरिंगवर वाकलायस. दोन, पुढचा एक फूट सरकला की तूही लगेच एक फूट सरकतोस, क्लचवरचा पाय निघत नाही. तीन, एकटाच मोठ्याने बोलायला लागलास. तिसरं झालं की समज, आता जो पहिला समोर येईल त्याच्यावर निघणार. त्याची चूक असो नसो.

---

निवांत_कासारवडवली | बुधवार, रात्री १०.१५

दादा, तिन्ही होतं. मुलीने नंतर सांगितलं, "तुम्ही खूप वेळ एकटेच बोलत होता." मला आठवतही नाही.

---

तिखट_मीठ | गुरुवार, सकाळी ९.००

मेट्रो सुरू होऊ द्या, अर्धी भांडणं आपोआप मिटतील.

---

मृण्मयी_नौपाडा | गुरुवार, सकाळी ९.२५

लोकलच्या दारात उभं राहून बघा एकदा, मग बोलू.

---

निवांत_कासारवडवली | रविवार, संध्याकाळी ७.५०

काल त्यांच्याशी बोलणं झालं. मीच सातव्या मजल्यावर गेलो. मुलीला बरोबर नेलं, कारण तिने ते भांडण पाहिलं होतं. त्यांनी दार उघडलं, क्षणभर थांबले आणि "या" म्हणाले. चहा झाला. मी माफी मागितली, त्यांनीही मागितली.

मग त्यांनी त्यांची बाजू सांगितली. सर्व्हिस रोडवर त्यांना पंचवीस मिनिटं झाली होती. आत घ्या म्हणून त्यांनी मला तीनदा हात केला होता. पहिल्यांदा नुसता, मग हात जोडल्यासारखा, मग अंगठा आणि बोटाने "एवढंच" असं दाखवून. त्यांना माझा चेहरा त्यांच्याच दिशेला वळलेला दिसत होता. त्यांची खात्री झाली की या माणसाने माझे जोडलेले हात पाहिले आणि तरी गाडी पुढे दाबली. ते चिडले ते यावर. जागेचा प्रश्न तोवर मागे पडला होता.

मी एकही हात पाहिला नव्हता. त्यांच्या काचेवर मेट्रोच्या कामाचा मोठा दिवा चमकत होता. मला फक्त पांढरा दरवाजा आणि त्यात तो दिवा दिसत होता. त्यांच्याकडे बघतोय असं त्यांना वाटलं, तेव्हा मी आरशात बघत होतो.

सर, तुमचं म्हणणं इथपर्यंत तंतोतंत बसलं. पण घरी आल्यावर मृण्मयीताईंचा प्रश्न डोक्यात राहिला. मी मुलीला विचारलं, त्या दिवशी त्यांच्या आधी कुणी आपल्या पुढे घुसलं होतं का? ती म्हणाली, "हो, मोठा ट्रक. तिथूनच. तेव्हा तुम्ही ब्रेक मारला आणि काहीच बोलला नाहीत."

त्या ट्रकला क्लीनर होता का, तेही विचारलं. ती म्हणाली, "नाही, खिडकीत कुणीच नव्हतं."

---

मृण्मयी_नौपाडा | रविवार, रात्री ८.२०

हे इथे लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

---

भालचंद्र_पाचपाखाडी | सोमवार, सकाळी ६.४०

क्लीनर नसलेला ट्रक. मग माझ्या मांडणीला हा प्रसंग अर्धाच आधार देतो. मला पुन्हा विचार करावा लागेल. दादा, तुम्ही कधी पाचपाखाडीच्या बाजूला आलात तर घरी या, मला त्या तोंडाशी तुमच्याबरोबर एक संध्याकाळ उभं राहायचं आहे.

---

कळवेकर_दादा | सोमवार, दुपारी २.१०

शुक्रवारी या सर. सहाच्या आधी. टेम्पोत बसू, तुम्ही डावीकडे बसा.